१० किमी नंतरचं पनीर-मूग-दही: मॅक्रोचा हिशोब

आजचा रन १० किमी, आरामात, वजन ६५ किलो, म्हणजे ढोबळमानाने साडेसहाशे कॅलरी जळल्या असं धरून चालू (किलोला किमीमागे साधारण एक). घरी येऊन जे खाल्लं त्याचा हिशोब देतोय, सगळं काट्यावर मोजलेलं.

पनीर १०० ग्रॅम, चमचाभर तेलात दोन्ही बाजूंनी परतलेलं. यात प्रोटीन १८, फॅट २२, कार्ब्स जेमतेम अडीच, कॅलरी २८०. पॅकेटवरचे आकडे कंपनीगणिक थोडे बदलतात, आपल्या पॅकेटचे घ्या. तेलाच्या त्या ५ ग्रॅमच्या ४५ कॅलरी वेगळ्या, आणि त्या बरेचजण लिहीतच नाहीत!

मोड आलेल्या मुगाची खरी गंमत आहे. अ‍ॅपमध्ये मुगाचे स्प्राउट्स टाकले की बऱ्याचदा १०० ग्रॅमला ३० कॅलरी नि ३ ग्रॅम प्रोटीन दिसतं, पण ते लांबलचक पांढऱ्या कोंबांचं असतं ज्यात जवळपास सगळं पाणीच, आपल्या घरच्या मुगाला इवलीशी शेपटी फुटलेली असते त्याला तो आकडा कसा लागू होणार. म्हणून मी भिजवायच्या आधीच कोरडे मूग मोजतो, ४० ग्रॅम. प्रोटीन साडेनऊ, कार्ब्स २५ (त्यातलं सहा-एक ग्रॅम फायबर), फॅट नावाला, कॅलरी १३८. मोड आल्यावर वजन दुपटीच्या वर जातं पण ते पाणी, मॅक्रो तेवढेच धरायचे.

दही १५० ग्रॅम, फुल फॅट दुधाचं: प्रोटीन ५, कार्ब्स ७, फॅट ५, कॅलरी ९३. वर मीठ, घाम गेलेला असतो त्यामुळे हात आखडत नाही.

टोटल: प्रोटीन ३२.५, कार्ब्स ३४.५, फॅट ३२.५, कॅलरी ५५६.

आता बघा, याला सगळे हाय प्रोटीन म्हणतात, पण कॅलरीतला निम्म्याहून जास्त वाटा फॅटचा आहे, प्रोटीनचा पाव भागसुद्धा नाही 😅 फॅट वाईट असं नाही म्हणत, पण पळून आल्यावर रिकामी झालेली ग्लायकोजेनची टाकी भरायला कार्ब्स लागतात आणि तेच इथे कमी पडतायत. उद्या सुट्टी असेल तर काही बिघडत नाही, दिवसभराच्या जेवणात भरून निघतं. उद्या सकाळी परत इंटरव्हल्स असतील तर मात्र पनीर ६० ग्रॅमवर आणायचं आणि एक मध्यम केळं खायचं, बाकी सगळं तसंच. मग प्रोटीन २६-२७, कार्ब्स ६०, फॅट २४, कॅलरी ५४९. कॅलरी तेवढ्याच राहिल्या, कार्ब्स मात्र जवळपास पावणेदोन पट, आणि प्रोटीन पाच-सहा ग्रॅमने उतरलं तरी ६५ किलोच्या माणसाला एका वेळेला तेवढं भरपूर झालं.

पनीर कमी करायचं जिवावर येतं हे मान्य, पण उरलेलं ४० ग्रॅम रात्रीच्या भाजीत जातंच की.