काजू आणि आगळ: बघून गेलेल्यांसाठी जाहिराती

काकी, आपल्या साइटवर माल बघून न घेता गेलेल्यांना गणपतीआधी दाखवायच्या जाहिरातींचा मजकूर आणि त्या कुणाला, किती वेळा दिसणार ते खाली लिहिलंय. वाचून होकार कळवा, उद्या कुडाळहून चालू करतो.

कुठल्याच जाहिरातीत ‘तुम्ही हे बघून गेलात’ असं लिहिलेलं नाही. साइटवर काय बघितलं ते आपल्याला कळतं, पण तसं तोंडावर सांगितलं की माणूस दचकतो. ‘येवा, कोकण आपलाच आसा’ही टाळलंय. ते आता प्रत्येक हॉटेलच्या पाटीवर आहे.

काजू बघून गेलेल्यांना

पहिली:
वेंगुर्ल्याचा अख्खा काजूगर
W240, अर्धा किलो, 580 रुपये
पाकिटात तुकडा निघाला तर फोटो पाठवा, पुढच्या ऑर्डरीत वजा करू.
[बटण: पाकीट बघा]

दुसरी:
240 म्हणजे काय?
एका पौंडात 220 ते 240 गर बसतात. नंबर जितका लहान, काजू तितका मोठा. मोदकाच्या सारणात तुकडा चालतो, पाहुण्यांसमोर वाटीत ठेवायला हा घ्या.
[बटण: अर्धा किलो मागवा]

आगळ बघून गेलेल्यांना

ही एकच आहे, पण माझी आवडती:
सरबतासाठी घेताय? मग हे नको.
हे आगळ आहे: रातांब्याचा रस आणि मीठ, साखर नाही. सोलकढीसाठी एका नारळाच्या दुधाला तीन मोठे चमचे घाला, चाखा, मगच मिठाला हात लावा. सरबताला आमचं अमृत कोकम वेगळं मिळतं.
एक लिटर, 220 रुपये
[बटण: आगळ मागवा] [बटण: अमृत कोकम बघा]

मागच्या मे महिन्यात तुम्हीच सांगितलं होतंत ना, पुण्याच्या एका बाईंनी आगळात पाणी घालून पाहुण्यांना दिलं आणि वर फोन करून भांडल्या? ती बाटली परत घेण्यापेक्षा हे आधीच सांगितलेलं बरं.

पिशवीत टाकून पैसे न भरलेल्यांना

पार्सल पावसात भिजेल म्हणून थांबलात?
काजू आधी सीलबंद पाकिटात, मग प्लास्टिकच्या पिशवीत, मग खोक्यात जातो. मुंबई-पुण्याला गणपतीआधी हवं असेल तर चतुर्थीच्या आठ दिवस आधीपर्यंत ऑर्डर द्या.
[बटण: ऑर्डर पूर्ण करा]

किती वेळा दिसणार

काजू आणि आगळाच्या जाहिराती गूगलच्या डिस्प्लेवर, म्हणजे लोक बघतात त्या इतर साइटींवर, लावतोय, कारण तिथे मर्यादा आपल्या हातात असते. एका माणसाला दिवसाला 1, आठवड्याला 5. बघून गेलेल्यांच्या यादीत माणूस 7 दिवसच राहतो, म्हणजे एकदा बघून गेला तर साधारण पाच वेळा दिसणार आणि मग बंद. गूगलला अशा यादीत निदान 100 माणसं लागतात. काजूच्या पानावर सध्या तेवढी येतात, आगळाचं काठावर आहे. नाही भरली तर ती जाहिरात थोडी उशिरा चालू होईल, घाबरू नका.

पिशवीवाली फक्त फेसबुक-इन्स्टावर. तिथे विक्रीच्या जाहिरातीला असा पक्का आकडा बांधता येत नाही, म्हणून यादीच 2 दिवसांची ठेवलीय. एका माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली ते सांगणारा `Frequency` चा रकाना मी रोज संध्याकाळी बघतो, 3 च्या वर गेला की हातानं थांबवीन. पिशवीपर्यंत गेलेला माणूस गूगलच्या यादीतून काढून टाकतोय. नाहीतर इथे पाच, तिथे तीन, असं दोन्हीकडून त्याच्या मागे लागल्यासारखं होतं. या दोघांचा हिशोब एकमेकांना कळत नाही.

ज्यानं साइटवर विकत घेतलं त्याला `Purchase` नोंदलं की सगळ्या जाहिराती बंद. घेतलेल्या मालाचीच जाहिरात पुन्हा दिसण्याइतकं चिडवणारं दुसरं काही नाही.

आता तुमच्याकडचं काम. निम्म्याहून जास्त ऑर्डरी तुम्ही व्हॉट्सॲपवर घेता, त्या साइटला कळत नाहीत. माणूस पान बघतो, तुम्हाला मेसेज टाकतो, पैसे देतो, काजू घरी पोचतो आणि जाहिरात चालूच! तेव्हा रोज रात्री दुकान बंद करताना त्या दिवशी व्हॉट्सॲपवर ऑर्डर दिलेल्यांचे फोन नंबर मला पाठवा. ते मी वगळायच्या यादीत टाकतो. सगळेच नंबर गूगल-फेसबुकच्या खात्यांशी जुळत नाहीत, पण बरेचसे जुळतात. ऑर्डर घेताना गिऱ्हाइकाला एवढं विचारा: ‘तुमचा नंबर जाहिरात बंद करायला वापरला तर चालेल ना?’ नाही म्हणाले तर तो नंबर पाठवू नका.

काजूचा जो फोटो वापरतोय त्यात तुमचा हात आणि सुपातले गर दिसतात. हातातली पाटली दिसते, ती चालेल ना तेवढं कळवा. नको असेल तर नुसत्या सुपाचा दुसरा फोटो आहे माझ्याकडे, पण हा जास्त चांगला आलाय.