पारिजात को-ऑप. हाउसिंग सोसायटी, डोंबिवली पूर्व: वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस (२०२४-२५)

दिनांक: २९ ऑगस्ट २०२५
प्रति, सर्व सभासद (ए, बी आणि सी विंग)

नमस्कार मंडळी,

आपल्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार, १४ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी ठीक १० वाजता बी विंगच्या स्टिल्टमध्ये ठेवली आहे. विसर्जन ६ तारखेलाच होतंय आणि नवरात्र २२ ला सुरू होतंय, त्यामुळे मधला हा रविवार सगळ्यांना सोयीचा पडेल असं कमिटीला वाटलं. ३० सप्टेंबरच्या आत एजीएम घ्यावीच लागते, म्हणून ‘पुढच्या महिन्यात घ्या ना’ हे आता नको. भारत-पाकिस्तान मॅच त्या दिवशी आहे हे माहितीये, पण ती रात्री आहे, तोवर आपलं आटोपलेलं असेल.

कोरमचं आधी सांगतो. आपले सभासद ३६, दोन तृतीयांश म्हणजे २४ होतात, पण नियम दोन तृतीयांश किंवा २०, यातला जो आकडा कमी तो असा आहे, म्हणजे २० जण हवेत. साडेदहापर्यंत २० झाले नाहीत तर सभा तहकूब होईल आणि त्याच जागी ११ वाजता तीच सभा परत भरेल, तिला कोरम लागत नाही. म्हणजे त्यावेळी जे आठ-दहा जण असतील ते मेंटेनन्स वाढवतील आणि तो ३६ जणांना भरावा लागेल, नंतर लिफ्टमध्ये मला गाठून उपयोग नाही.

सभेपुढचे विषय

१. २२ सप्टेंबर २०२४ च्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे.

२. कमिटीचा वार्षिक अहवाल, ३१ मार्च २०२५ अखेरचा ताळेबंद आणि जमाखर्च मंजूर करणे. कॉपी नोटिशीबरोबर दिली आहे, व्हाउचर बघायचे असतील तर रोज संध्याकाळी ७ ते ८ ऑफिस उघडं असतं. सभेत उभं राहून ‘हा इलेक्ट्रिशियनचा खर्च कसला’ विचारण्यापेक्षा आधी येऊन फाइल बघितलीत तर सगळ्यांचा वेळ वाचेल.

३. ऑडिट रिपोर्ट आणि त्यावरचा दोषदुरुस्ती अहवाल वाचून नोंद घेणे.

४. २०२५-२६ साठी सरकारी पॅनेलवरचा ऑडिटर नेमणे. सध्याच्या ऑडिटरची सलग तीन वर्षं झाली, त्यांना आता परत नेमता येत नाही, त्यामुळे नवीन नाव ठरवायचंय.

५. २०२५-२६ चं बजेट आणि मेंटेनन्स दरमहा २,६०० वरून ३,१०० करणे. वॉचमनचा पगार वाढला, लिफ्टचं एएमसी वाढलं आणि मे महिन्यात टँकर किती मागवले ते तुम्ही गेटवर बघितलंच आहे.

६. गच्ची. हा खरा विषय. सी विंगच्या वरच्या मजल्यावर चौथा पावसाळा लोक बादल्या लावून काढतायत. ‘ज्यांच्या घरात गळतं त्यांनी बघावं’ असं काही जणांचं म्हणणं ग्रुपवर आलं होतं, तर बायलॉजप्रमाणे गच्चीतून येणारी गळती आणि बाहेरच्या कॉमन पाइपची गळती सोसायटीच्या खर्चातूनच दुरुस्त करायची असते. वरच्याच्या बाथरूममधून खालच्याकडे गळतं ते मात्र त्या दोघांनी बघायचं. कोटेशन तीन आलीत: वॉटरप्रूफिंगची दोन, ४ लाख ८५ हजार आणि ५ लाख ४० हजार, आणि पत्र्याच्या शेडचं ७ लाख २० हजार. रिपेअर फंडात आहेत ३ लाख ९० हजार. म्हणजे सगळ्यात स्वस्त घेतलं तरी घरटी साधारण २,६५० रुपये जादा काढावे लागतील, दुसरं घेतलं तर ४,२०० च्या आसपास, आणि शेडचा हिशोब केला तर ९,००० च्या वर जातो. शिवाय शेडला महापालिकेची परवानगी काढावी लागेल. कमिटीचा कल दुसऱ्या कोटेशनकडे आहे कारण त्यात दहा वर्षांची लेखी गॅरंटी आहे, पण ठरवायचं तुम्ही.

७. स्ट्रक्चरल ऑडिट. बिल्डिंग १९९४ ची, तीस वर्षं उलटली, आता दर तीन वर्षांनी करावं लागणार. इंजिनिअर नेमणे आणि फी मंजूर करणे.

८. पार्किंगमध्ये ईव्ही चार्जिंग पॉइंटसाठी आलेले दोन अर्ज.

९. थकबाकीदारांची यादी आणि वसुली.

१०. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे इतर विषय. तुमचा काही विषय असेल तर ७ सप्टेंबरपर्यंत लेखी द्या. सभेच्याच दिवशी सकाळी उठून मांडलेल्या विषयावर चर्चा होईल, ठराव होणार नाही.

रिडेव्हलपमेंट यात का नाही असं विचारणारे आहेतच. त्याला ७९-ए च्या गाइडलाइनप्रमाणे वेगळी विशेष सभा लागते, ती सगळी प्रोसेसच वेगळी आहे, एजीएममध्ये चहा पितापिता बिल्डर ठरत नाही.

प्रॉक्सीबद्दल, कृपया पूर्ण वाचा

गेल्या वर्षी यावरून अर्धा तास गेला म्हणून यंदा सविस्तर लिहितोय. कंपनीच्या मीटिंगला प्रॉक्सी चालते, हाउसिंग सोसायटीत चालत नाही. सहकार कायद्यात स्पष्ट आहे की मत स्वतः हजर राहूनच द्यायचं. पॉवर ऑफ ॲटर्नी असली तरी, नोटरी केलेली असली तरी, त्या माणसाला तुमच्या वतीने सभेत बसता येत नाही. भाडेकरूंनाही नाही, व्हॉट्सॲपवरचा ‘माझं मत अमुकला’ हा मेसेजही नाही. ऑनलाइन लिंकही पाठवणार नाही, सभा प्रत्यक्षच आहे.

मग येऊ न शकणाऱ्यांनी काय करायचं?

शेअर सर्टिफिकेटवर दोघांची नावं जॉइंट असतील तर पहिल्या नावाचा माणूस नसताना दुसऱ्या नावाच्या माणसाने यावं, तो मत देऊ शकतो, पत्राची गरज नाही. दोघं आलात तरी मत एकच, पहिल्या नावाचं.

घरातलं कोणी सहयोगी सभासद म्हणून रीतसर दाखल असेल (नवरा, बायको, मुलगा, मुलगी, सून, भाऊ वगैरे) तर त्यांना मूळ सभासदाची आधीची लेखी संमती लागते. पत्र साधंच चालेल, उदाहरणार्थ: ‘मी ए-१०४ चा सभासद, १४ सप्टेंबर २०२५ च्या सभेला येऊ शकत नाही, माझी सहयोगी सभासद असलेली पत्नी माझ्या संमतीने हजर राहून मतदान करेल.’ खाली सही आणि तारीख. हे पत्र शनिवार १३ तारखेला रात्री ८ पर्यंत ऑफिसमध्ये द्या. परदेशात असणाऱ्यांनी सही करून स्कॅन केलेली कॉपी सोसायटीच्या मेलवर पाठवली तर आम्ही घेऊ.

मुलगा घरात राहतो पण सहयोगी सभासद नाही, तर तो मागे बसून ऐकू शकतो, मत नाही. त्याला दाखल करून घ्यायचं असेल तर आत्ताच फॉर्म द्या, ५ तारखेच्या कमिटी मीटिंगमध्ये घेतो. मूळ सभासद वारले आहेत अशी आपल्याकडे दोन घरं आहेत, त्यांनी नॉमिनेशनचे कागद घेऊन मला या आठवड्यात भेटावं, ते काम सभेच्या टेबलावर होत नाही.

एन्ट्रीला हजेरीपत्रकावर सही करून हिरवी चिठ्ठी मिळेल, हात वर करताना तीच दाखवायची. ज्यांना जिने उतरायला त्रास होतो त्यांच्यासाठी पुढच्या खुर्च्या राखून ठेवतोय. चहा आणि बटाटेवडे सभा संपल्यावर, आधी नाही.

व्यवस्थापक कमिटीच्या आदेशावरून,
मानद सचिव
पारिजात को-ऑप. हाउसिंग सोसायटी लि., डोंबिवली (पूर्व)

(कॉपी: तिन्ही विंगचे नोटीस बोर्ड. बाहेरगावी राहणाऱ्या सभासदांना मेल आणि पोस्टाने पाठवली आहे.)