पाणी किती फुटांवर?

आमच्या कोल्हापुरात मुली 'मी जाते' म्हणत नाहीत. 'मी जातो', 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणतात. मीही लग्नाआधी तसंच बोलायचे. पुढे बँकेत नोकरीला लागल्यावर काउंटरवर बसून बोलणं बदललं. धाकटीचं मात्र कधी बदललं नाही. अठरा वर्षं सकाळी दारातून "आई, जातो गं" ही हाक आली आणि मी आतूनच "सावकाश जा" म्हटलं.

ऑगस्टमध्ये तिला पुण्याच्या होस्टेलवर सोडलं, त्या दिवशी जाणारे आम्ही होतो. दुसऱ्या मजल्यावरची खोली, तीन कॉट, तीन लोखंडी कपाटं. मी गादीवर चादर घातली, कपाटात कागद अंथरला, कुलपाची एक किल्ली तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. आणखी काही करायचं उरलं नाही तेव्हा खिडकीची कडी पुन्हा एकदा लावून पाहिली. गेटपर्यंत आली आणि म्हणाली, "तुम्ही जावा आता, अंधार पडंल." एवढंच. मला वाटलं होतं ती रडेल, आणि मी तिला समजावेन. मनात वाक्यं तयार होती, ती तशीच घेऊन परत आले.

थोरला सहा वर्षांपूर्वी शिकायला बाहेर पडला, आता बंगळुरूला असतो. तेव्हाही जीव तुटला होता, पण दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीचा डबा करायचा होता. तिची शाळा, क्लास, वेणी, ताप, रुसवे यात दिवस भरून जायचा. थोरल्याचं जाणं मी तिच्या आडून सोसलं, हे आत्ता कळतंय. या वेळी आड घ्यायला कुणी नाही.

घरात आवाज नाही असं म्हणणार नाही. उलट पूर्वी न ऐकू येणारे आवाज ऐकू येतात. फ्रिजचा, टाकी भरल्याचा, ह्यांच्या पेपरच्या पानांचा. हे उद्यमनगरातल्या वर्कशॉपला साडेआठला जातात. त्याआधी अंगणात जाऊन तिची मोपेड चालू करतात, पाच मिनिटं तशीच ठेवतात आणि बंद करतात. बॅटरी उतरू नये म्हणून, असं सांगतात. पहिल्या आठवड्यात तो आवाज आला की मी हातातलं काम टाकून डबा शोधायला वळायचे.

रविवारचं मटण हे आमच्याकडे ठरलेलं. एक किलो. आता अर्धा किलो आणतात. तांबडा रस्सा अर्ध्या किलोचा करता येतो, पण पांढरा जमत नाही. नारळाचं दूध, तिळाचं वाटण, सगळं थोडंथोडं घेतलं की हाताचा अंदाजच चुकतो. आणि तो वाट्या भरभरून पिणारी तीच. दोन रविवार मी पांढरा केलाच नाही. तिसऱ्या रविवारी हे जेवताना म्हणाले, "कर की, मला पण आवडतो." पंचवीस वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं. पातेल्यातलं शेवटचं नेहमी मुलांच्या वाटीत जायचं, ह्यांनी कधी मागितलंच नव्हतं.

भेटणारे सांगतात, आता तुम्ही मोकळ्या झालात, फिरा, देवदर्शन करा. चांगल्या मनानं सांगतात. पण मोकळं होण्यासाठी आधी अडकलेलं असावं लागतं, आणि मला कधी अडकल्यासारखं वाटलंच नाही. दमले पुष्कळ. दमणं वेगळं.

बँकेतून येताना मी दसरा चौकातून येते. शाहू महाराजांचा पुतळा, आजूबाजूला जुनी बोर्डिंगं. 1901 साली महाराजांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढलं, जैनांचं त्याच वर्षी निघालं, मग मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, मिस क्लार्क होस्टेल, जातीजातींच्या पोरांसाठी दारं उघडत गेली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते आम्ही शाळेत पाठ केलंय. माझे वडील त्यातल्याच एका बोर्डिंगात शिकले. गारगोटीच्या पलीकडचं गाव, घरात शिकलेलं कुणी नाही. 1958 साली, तेराव्या वर्षी, एक वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन आले. बोर्डिंग नसतं तर मी बँकेत नसते, एवढा सरळ हिशेब आहे.

ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकली. थंड पाण्याची अंघोळ, सोबत्यांशी वाटून खाल्लेली भाकरी, कंदिलाचा अभ्यास. सगळी गोष्ट त्यांच्याकडची, जो निघाला त्याची. आजी त्यात एकाच ठिकाणी यायची: बाजाराला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती ती नाचणीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी गाठोड्यात बांधून पाठवायची. त्या संध्याकाळी आजीनं चूल कशी पेटवली, भाकऱ्या किती थापल्या, हे मी कधी विचारलं नाही. तिला वाचता येत नव्हतं, फोन नव्हता. पोरगं पोचलं हे कळायला तिला किती दिवस लागले असतील? विचारायला आता वडील नाहीत आणि आजीला जाऊन तर तीस वर्षं झाली. तिचा चेहरा आठवतो, पण हा प्रश्न घेऊन मी तिच्यासमोर कधी बसलेच नाही.

मला फोन आहे. पहिल्या पंधरवड्यातच एका रात्री धाकटी फोनवर म्हणाली, "हो, मी जेवले." मी क्षणभर गप्पच झाले. खोलीतल्या दोघी, एक नागपूरची, एक नाशिकची, तिच्या 'जेवलो'ला हसल्या होत्या. वाईट मनानं नाही. ती सांभाळून बोलत होती. मी "बरं" म्हटलं. फोन ठेवल्यावर ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तुझं पण बदललंच की." खरं होतं, तरी झोप लागली नाही.

ऑगस्टच्या अखेरीला पावसानं जोर धरला. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेनं 39 फुटांची इशारा पातळी ओलांडली. 43 ला धोका, हे इथं पोराबाळांना पाठ असतं. 2019 ला पाणी 55 फुटांवर गेलं होतं, शिरोलीपाशी हायवे बंद होता, तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि गच्चीवर माझा हात धरून उभी होती. रात्री अकराला तिचा फोन. "आई, पाणी किती फुटांवर?" मी सांगितलं. "रस्ता बंद व्हायच्या आत मी येतो. सकाळच्या गाडीनं येतो."

येतो म्हणाली. मी म्हटलं, नको, आपल्या गल्लीत पाणी येत नाही, तू तिथंच थांब, अभ्यास कर. माझ्या तोंडून हे कसं निघालं ते मलाच कळलं नाही. दोन दिवसांनी पाणी उतरलं.

आता नवरात्र आलंय. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईला जाते, कोहळा फुटतो, आम्ही दोघी दरवर्षी चालत जातो. तिची परीक्षा आहे, येणार नाही. ह्यांनी आपणहून सांगितलं, "मी येतो तुझ्यासोबत."

काल रात्री तिच्यासाठी डबा पाठवला. कडाकण्या, शेंगदाण्याची चटणी, आणि खोलीतल्या दोघींसाठी वेगळी पुडी. ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरनं पिशवी उचलून पाहिली, "पोरगीला काय?" म्हणाला, आणि सीटखाली न टाकता स्वतःच्या मागच्या फळीवर नीट ठेवली. गाडीचा नंबर मी तिला कळवला. गाडी चौकातून वळली. हे म्हणाले, चल. मी म्हटलं, थांबा जरा.