पेटंट, कॉपीराइट की ट्रेडमार्क? नवउद्योजकांसाठी प्रश्नमंजुषा

कोथरूडच्या आपल्या रविवारच्या वर्गात दर तुकडीत कुणीतरी हात वर करून विचारतं, "सर, मला माझ्या ब्रँडच्या नावाचं पेटंट काढायचंय." नावाचं पेटंट निघत नाही. चुकीच्या हक्काच्या मागे लागून महिने जातात आणि तोवर खरा हक्क हातचा निसटतो, हे मी फार जवळून पाहिलं आहे. म्हणून आज व्याख्यान नाही, प्रश्न सोडवायचे आहेत.

प्रत्येक उदाहरण वाचताना स्वतःला एवढंच विचारा: समोरचा माझं नेमकं काय उचलू शकतो? वस्तू चालते कशी ती युक्ती, मी रचलेले शब्द-चित्र-सूर, की गिऱ्हाईक मला ज्या खुणेने ओळखतं ती खूण? उत्तर प्रश्नाखालीच छापलं आहे. आधी ते वहीने झाका आणि स्वतःचं उत्तर लिहा. वेळ 30 मिनिटं.

प्रश्न 1. भोसरीतल्या एका वर्कशॉपवाल्याने उसाच्या चरकाला असा भाग जोडला की चिपाड पुन्हा घालावंच लागत नाही, एका फेरीतच सगळा रस निघतो. असा भाग आधी कुणी केलेला नाही. पुढच्या महिन्यात मोशीच्या प्रदर्शनात तो यंत्र मांडणार आहे. त्याने सगळ्यात आधी काय करावं?

(अ) यंत्राचं नाव नोंदवावं
(आ) पेटंटचा अर्ज करावा
(इ) माहितीपत्रकाचा कॉपीराइट घ्यावा
(ई) प्रदर्शनात मागणी बघून मग ठरवावं

उत्तर: आ. यंत्र चालण्याची नवी युक्ती हा पेटंटचा विषय. ती नवी हवी, त्या कामातल्या जाणकारालाही सहज सुचणारी नसावी आणि उद्योगात वापरता यायला हवी. पर्याय 'ई' सगळ्यात घातक आहे. यंत्र अर्जाआधी चारचौघांत उघडून दाखवलं की त्याचं नवेपणच संपतं. सरकारने खास अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. सगळी कागदपत्रं तयार नसतील तर आधी तात्पुरता तपशील देऊन अर्ज करता येतो, पूर्ण तपशील 12 महिन्यांत द्यायचा. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं, आणि भारतातलं पेटंट भारतापुरतंच.

प्रश्न 2. सदाशिव पेठेतल्या एक काकू आजेसासूबाईंच्या हातचा मिसळ मसाला पाकिटात घालून विकतात. "माझ्या मसाल्याचं पेटंट मिळेल ना हो?" असं त्या विचारतात. मिळेल?

उत्तर: नाही. नुसते पदार्थ एकत्र केले आणि प्रत्येकाचा गुण तेवढाच राहिला, तर त्या मिश्रणाला पेटंट नाही. शिवाय जे परंपरेने चालत आलं आहे त्यालाही 1970 चा पेटंट कायदा शोध मानत नाही. ही तरतूद का मोलाची आहे हे हळदीच्या लढ्यावरून कळतं. जखम भरायला हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत 1995 मध्ये दिलं गेलं होतं! आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुराव्यादाखल मांडले आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. तेव्हा परिषदेच्या प्रमुखपदी डॉ. रघुनाथ माशेलकर होते, त्याआधी आपल्या पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक. पणजीच्या बटव्यातलं ज्ञान कुणी एकट्याच्या नावावर करू नये, हाच मुद्दा होता. मग तो काकूंनाही लागू.

पण काकू रिकाम्या हाताने परतणार नाहीत. पाकिटावरचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येईल (मसाले वर्ग 30 मध्ये येतात). त्यांनी लिहिलेल्या पाककृतींच्या पुस्तिकेचा मजकूर कॉपीराइटमध्ये येतो. आणि प्रमाण? ते तोंड बंद ठेवूनच जपायचं. कामाला येणाऱ्या बायकांकडून गुप्ततेचा करार लिहून घ्यावा.

प्रश्न 3. फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका कॅफेने बाहेरच्या चित्रकाराला 8,000 रुपये देऊन लोगो करून घेतला. करार तोंडीच. तीन वर्षांनी कॅफे त्या लोगोचे टी-शर्ट विकू लागला आणि चित्रकाराने हरकत घेतली. लोगोच्या चित्राचा कॉपीराइट कुणाचा?

उत्तर: चित्रकाराचा. "पैसे मी दिले" हे इथे पुरेसं नाही. पगारी नोकराने नोकरीचं काम म्हणून लोगो केला असता तर तो मालकाचा झाला असता. पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा हक्कही, वेगळं ठरलं नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. लोगोला मात्र तो नियम लागत नाही. हक्क सहीनिशी लेखी हस्तांतरित व्हावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारत. म्हणून दोन्ही स्पष्ट लिहा.

याच प्रश्नात दुसरी गाठ आहे. एकच लोगो चित्र म्हणून कॉपीराइटमध्ये आणि दुकानाची खूण म्हणून ट्रेडमार्कमध्ये, असा दोन्हीकडे बसतो. ट्रेडमार्कचे 45 वर्ग आहेत. कॅफे 43 मध्ये, टी-शर्ट 25 मध्ये. एका वर्गातल्या नोंदणीने दुसरा वर्ग आपोआप मिळत नाही.

प्रश्न 4. तुपासाठी ट्रेडमार्क म्हणून कोणतं नाव सहज नोंदलं जाईल? 'शुद्ध तूप', 'पुणे तूप' की 'कवडसा'?

उत्तर: कवडसा. पहिलं नाव मालाचं वर्णन आहे, दुसरं गावाचं नाव. ते शब्द सगळ्याच तूपवाल्यांना लागतात.

प्रश्न 5. अर्ज काल केला. आज पाकिटावर ® छापावं का?

उत्तर: नाही. नोंदणी होईपर्यंत TM लिहा. नोंदणी नसताना ® छापणं बेकायदेशीर आहे.

प्रश्न 6. हिंजवडीतल्या दोन मैत्रिणींनी किराणा दुकानांसाठी उधारीचं ॲप लिहिलं. दुसऱ्या कंपनीने त्यांचा कोड न बघता, स्वतःचा कोड लिहून तसंच ॲप आणलं. कॉपीराइटचा भंग झाला?

उत्तर: नाही. संगणकाचा कोड साहित्यकृती म्हणून जपला जातो, पण जपली जाते ती मांडणी. कल्पना मोकळीच राहते. निव्वळ संगणक प्रोग्रॅमला आणि व्यवसायाच्या पद्धतीला आपल्याकडे पेटंटही नाही.

प्रश्न 7. चूक की बरोबर?

"नोंदणी केली नाही तर कॉपीराइट नाही." चूक. कृती निर्माण होताच हक्क येतो, नोंदणी पुराव्याला उपयोगी पडते.
"ट्रेडमार्क दर 10 वर्षांनी कितीही वेळा वाढवता येतो." बरोबर.
"पेटंटही तसंच वाढवता येतं." चूक.
"पुस्तकाचा कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर आणखी 60 वर्षं." बरोबर.

प्रश्न 8. दिवाळीच्या किल्ल्याचा जोडसंच. त्यात आहेत (क) बुरूज खिळ्याशिवाय अडकवण्याची नवी खाच, (ख) किल्ल्याच्या इतिहासाची सचित्र पुस्तिका, (ग) खोक्यावरचं नाव, (घ) मावळ्याच्या बाहुलीचा नवा आकार. कशाला कोणता हक्क?

उत्तर: क पेटंट, ख कॉपीराइट, ग ट्रेडमार्क. 'घ'वर बरेच जण अडतील. साच्यातून हजारोंनी निघणाऱ्या वस्तूच्या रूपासाठी 2000 चा डिझाइन कायदा आहे, मुदत 10 वर्षं आणि पुढे 5. हा अर्जही बाहुली बाजारात येण्याआधीच करायचा.

जोडप्रश्न: तुळशीबागेत दुसऱ्याने जवळपास त्याच नावाचा संच मांडला. तुमचं नाव नोंदवलेलं नाही, पण तुम्ही ते सहा वर्षं वापरताय. काही करता येईल?

उत्तर: होय. त्याने स्वतःचा माल तुमचा म्हणून खपवल्याबद्दल न्यायालयात दाद मागता येते. तिथे तुमची बाजारातली ओळख, गिऱ्हाइकाची फसगत आणि तुमचं नुकसान दाखवावं लागेल. म्हणून पहिल्या दिवाळीची बिलं, जाहिराती आणि खोक्याचा एक नमुना तारखेसह जपून ठेवा.