थकबाकी आणि वार्षिक सभा: कार्यालयातले बोलणे व त्यातून तयार झालेल्या सूचना

फोंडा येथील ४८ सदनिकांची सहकारी गृहनिर्माण संस्था. सोमवार, १८ ऑगस्ट २०२५ रोजी कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप गटात झालेले बोलणे आणि त्यावरून २२ ऑगस्ट रोजी सभासदांना गेलेला मजकूर एकाच फाइलीत ठेवला आहे. पुढच्या वर्षी सूचना लिहिताना दोन्ही शेजारी ठेवून वाचावे.

गटातले बोलणे

लेखनिक: ताई, सभेचे काय ठरले? ऑडिट झालेले हिशेब आले. ३१ ऑगस्टचा रविवार मोकळा आहे.

सचिव: मोकळा कसा? २७ला चवथ. निम्मी बिऱ्हाडे काणकोण, पेडणे, सत्तरीला मूळ घरी असतील. अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. १४ सप्टेंबरचा रविवार घे, सकाळी साडेदहा.

खजिनदार: सप्टेंबरअखेरच्या आत बसते. पण सूचना चवथीआधी हातात पडली पाहिजे. नंतर वाटली तर दारांना कुलपे.

सचिव: म्हणून शुक्रवारी २२ला पाठवायची. आपल्या उपविधीत पूर्ण १४ दिवस आहेत. सूचना दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही वगळून मोज.

लेखनिक: २३ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर, २२ दिवस होतात. बोर्डावर एवढेच लिहितो: “१४ला मीटिंग आहे, मेंटेनन्स वाढणार, सर्वांनी यावे.”

सचिव: “वाढणार” नको. ठरवणार सभा, आपण नव्हे. आजचा दर १,५००, प्रस्तावित १,८००, कोणत्या तारखेपासून आणि कशासाठी, हे सगळे विषयपत्रिकेत आले पाहिजे. आयत्या वेळच्या विषयात दरवाढ घातली तर गैरहजर सभासद हरकत घेतील, आणि ती हरकत बरोबर असेल.

खजिनदार: गच्चीच्या गळतीचाही वेगळा विषय घाल. तीन दरपत्रके आली आहेत.

लेखनिक: थकबाकीवाल्यांची नावे बोर्डावर लावू का? दहा सदनिका, ५७,००० रुपये. बी-२०४ तर जानेवारीपासून फिरकलेच नाहीत. “पाणी बंद करू” लिहिले की लगेच भरतील.

सचिव: पाण्याचे नाव काढू नकोस. पाणी तोडायचा अधिकार ना तुला, ना मला. नावेही बोर्डावर नकोत. बोर्डावर फक्त आकडा, प्रत्येकाला त्याचे पत्र बंद पाकिटात.

खजिनदार: आणि दहा नाहीत, नऊच. ९ जून आणि ८ जुलैला यूपीआयने १,५००-१,५०० आले, सदनिका क्रमांक नव्हता म्हणून ते उचंत खात्यात पडून आहेत. ऑगस्टची रक्कम त्याच नावाने आली, तेव्हा मात्र सी-१०३ लिहिले होते. भाडेकरू भरतो. जमाखर्च फिरवून पावत्या दे आणि सी-१०३ यादीतून काढ. राहिले ५४,०००.

लेखनिक: बरे झाले काका, त्यांना पत्र गेले असते तर भांडण झाले असते. बी-२०४ चे व्याज असे काढले: १२,००० वर महिना एक टक्का, आठ महिने, ९६०.

खजिनदार: चुकले. आठही हप्ते जानेवारीत देय नव्हते. प्रत्येक हप्त्याचे व्याज त्याच्या १० तारखेपासून, आणि पूर्ण महिन्यांचेच. जानेवारीच्या हप्त्याला ७ महिने, फेब्रुवारी ६, मार्च ५, असे उतरत जुलैला १, ऑगस्टला शून्य. बेरीज २८. हप्त्याला महिन्याचे १५ रुपये. २८ गुणिले १५.

लेखनिक: ४२०.

खजिनदार: व्याजावर व्याज धरायचे नाही. मुदत ९ सप्टेंबर ठेव. १० तारीख उजाडली की आणखी एक महिना पूर्ण होतो आणि आठ हप्त्यांचे १२० रुपये चढतात. ते पत्रातच लिही, म्हणजे १० तारखेला खिडकीशी वाद नको.

लेखनिक: थकबाकी न भरणाऱ्यांनी सभेला येऊ नये, अशी एक ओळ टाकू?

सचिव: नको. सभेची सूचना ४८ जणांना जाणार, थकबाकी असो वा नसो. थकबाकीच्या पत्रात सभेचा शब्दही नको, आणि सभेच्या सूचनेत थकबाकीचा नको. दोन कागद, दोन जावक क्रमांक.

रखवालदार: ताई, ए-३०२ कुवेतला असतात. सी-४०१ कडे भाडेकरू आहे, त्याच्याकडे दिले तर चालेल?

सचिव: भाडेकरूच्या हाती दिले म्हणजे सभासदाला मिळाले असे होत नाही. ज्यांचा वेगळा पत्ता नोंदवहीत आहे त्यांना रजिस्टर्ड पोस्टाने, शिवाय ईमेल. १ सप्टेंबरपासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन होते आहे, पुढची पत्रे त्याने जातील. ही २२लाच टाका. इंग्रजी प्रत जोडताना तारीख, वार आणि रकमा मराठीशी ताडून पाहा. गेल्या खेपेस वार चुकला की फोन किती येतात ते सगळ्यांनी पाहिले आहे.

पहिली सूचना: वार्षिक सर्वसाधारण सभा

जा. क्र. १८/२०२५-२६
दिनांक: २२ ऑगस्ट २०२५

प्रति,
सर्व सभासद

आपल्या संस्थेची सन २०२४-२५ या आर्थिक वर्षाची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार, दिनांक १४ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी १०.३० वाजता ‘ए’ इमारतीच्या तळमजल्यावरील सभागृहात खालील विषयांवर विचार व निर्णय करण्यासाठी बोलावली आहे. सर्व सभासदांनी वेळेवर उपस्थित राहावे, ही विनंती.

सभेपुढील विषय

१. मागील वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
२. व्यवस्थापक समितीचा सन २०२४-२५ चा वार्षिक अहवाल आणि ३१ मार्च २०२५ अखेरचे लेखापरीक्षित ताळेबंद व जमा-खर्चपत्रक स्वीकारणे.
३. लेखापरीक्षकांचा अहवाल आणि समितीने तयार केलेला दोषदुरुस्ती अहवाल यांवर विचार करणे.
४. सन २०२५-२६ साठी लेखापरीक्षकाची नेमणूक करणे.
५. सन २०२५-२६ च्या अंदाजपत्रकास मंजुरी देणे.
६. मासिक देखभाल वर्गणी प्रति सदनिका ₹ १,५०० वरून ₹ १,८०० करण्याच्या, दिनांक १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू होणाऱ्या प्रस्तावावर विचार करून निर्णय घेणे. हा प्रस्ताव रखवालदारांचे वेतन, पाण्याच्या पंपाचे वीजबिल व लिफ्टचा वार्षिक करार यांच्या वाढलेल्या खर्चासाठी आहे. ४८ सदनिकांची मिळून महिन्याला ₹ १४,४०० इतकी वाढ होईल.
७. ‘बी’ व ‘सी’ इमारतींच्या गच्च्यांची पाणीगळती रोखण्याच्या कामासाठी आलेल्या तीन दरपत्रकांवर विचार करणे, खर्चास मंजुरी देणे व काम पावसाळ्यानंतर सुरू करण्याबाबत ठरवणे.
८. माननीय अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय. या विषयाखाली खर्चाचा किंवा वर्गणीचा निर्णय घेतला जाणार नाही.

सूचना

गणपूर्तीसाठी १० सभासदांची उपस्थिती आवश्यक आहे. ठरलेल्या वेळेपासून अर्ध्या तासात गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होईल आणि उपविधीतील तरतुदीप्रमाणे त्याच दिवशी सकाळी ११.०० वाजता त्याच ठिकाणी भरेल. तहकूब सभेस गणपूर्तीची अट नाही, मात्र तीत वरील विषयांखेरीज अन्य विषय घेतला जाणार नाही.

अहवाल व हिशेबपत्रके सोबत जोडली आहेत. मूळ कागद व तिन्ही दरपत्रके २३ ऑगस्टपासून कार्यालयात पाहता येतील. हिशेबाविषयीचे प्रश्न सोमवार, ८ सप्टेंबरपर्यंत लेखी द्यावेत, म्हणजे खजिनदारांना पावत्या काढून उत्तर देता येईल. सभेत भाग घेण्याचा व मतदानाचा हक्क सभासदाचा आहे, भाडेकरूचा नाही.

व्यवस्थापक समितीच्या आदेशावरून,
सचिव

दुसरी सूचना: फलकावर लावण्यासाठी

जा. क्र. १९/२०२५-२६
दिनांक: २२ ऑगस्ट २०२५

विषय: थकीत देखभाल वर्गणी

दिनांक १८ ऑगस्ट २०२५ रोजी ९ सदनिकांकडून देखभाल वर्गणीची मूळ रक्कम ₹ ५४,००० येणे आहे. संबंधित सभासदांना रकमेचा तपशील स्वतंत्र पत्राने कळवला आहे. त्यांनी ही रक्कम मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५ पर्यंत भरावी.

यूपीआय किंवा एनईएफटीने पैसे पाठवताना शेऱ्यात इमारत, सदनिका क्रमांक व महिना लिहावा, उदाहरणार्थ “सी-१०३ जुलै”. क्रमांक नसलेली रक्कम कोणाच्याही खात्यावर जमा धरता येत नाही, आणि पैसे भरूनही सभासद थकबाकीदार दिसतो. भाडेकरू पैसे भरत असल्यास त्यालाही हे सांगावे.

कार्यालय सोमवार ते शनिवार, सायंकाळी ५.०० ते ७.३० उघडे असते. श्रीगणेश चतुर्थीनिमित्त २७ व २८ ऑगस्ट रोजी बंद राहील.

सचिव

तिसरा कागद: सभासदाचे स्वतंत्र पत्र, बंद पाकिटात

जा. क्र. २०/२०२५-२६
दिनांक: २२ ऑगस्ट २०२५

प्रति,
माननीय सभासद,
सदनिका क्र. बी-२०४

विषय: जानेवारी ते ऑगस्ट २०२५ या ८ महिन्यांची देखभाल वर्गणी

महोदय/महोदया,

संस्थेच्या खातेवहीनुसार आपल्याकडून पुढीलप्रमाणे रक्कम येणे आहे.

मासिक वर्गणी ₹ १,५०० × ८ महिने: ₹ १२,०००
दिनांक १० ऑगस्ट २०२५ पर्यंतचे सरळ व्याज, दरसाल १२ टक्के: ₹ ४२०
एकूण: ₹ १२,४२०

वर्गणी दरमहा १० तारखेस देय असते. व्याज प्रत्येक हप्त्याच्या देय तारखेपासून पूर्ण झालेल्या महिन्यांवर आकारले आहे. ऑगस्टच्या हप्त्यावर व्याज नाही. हप्तावार तक्ता सोबत आहे.

वरील रक्कम मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५ पर्यंत भरावी. १० सप्टेंबर रोजी पुढील महिना पूर्ण होत असल्याने त्या दिवसापासून व्याजात ₹ १२० ची भर पडेल. त्याच तारखेस देय होणारी सप्टेंबरची वर्गणी या पत्रात धरलेली नाही.

आपण यातील काही रक्कम आधीच भरली असल्यास पावती किंवा बँकेच्या व्यवहाराचा क्रमांक दाखवावा. नोंद तपासून सात दिवसांत लेखी कळवू. एकरकमी भरणे अडचणीचे असल्यास मुदतीच्या आत लेखी अर्ज द्यावा, तो समितीपुढे ठेवला जाईल. मुदतीत रक्कम किंवा अर्ज न आल्यास उपविधीनुसार वसुलीचा विषय समितीच्या पुढील बैठकीत घेतला जाईल.

आपला विश्वासू,
सचिव

सोबत: हप्तावार व्याज तक्ता

पाठवणीची नोंद

सभेची सूचना: ४८ प्रती. ३७ सभासदांना हस्ते, पोचवहीत सही व तारीख घेऊन. ११ सभासदांना नोंदवहीतील पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने, पैकी ६ जणांना ईमेलनेही. पोस्टाच्या पावत्या या फाइलीत चिकटवल्या आहेत. घर बंद असल्यास दाराखालून सरकवू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे, तरीही बंद असल्यास पोस्टाने पाठवून पोचवहीत तसा शेरा लिहावा.

थकबाकीची पत्रे: ९, सर्व पोचपावतीसह. फलकावरील सूचना लावल्याची तारीख व वेळ लिहून रखवालदाराची सही घेतली, आणि फलकाचा फोटो फाइलीत ठेवला.

व्हॉट्सअॅपवर सभासदांच्या गटात फक्त सभेची तारीख, वेळ व ठिकाण टाकले. थकबाकीविषयी गटात काहीही टाकलेले नाही.