माटवीखाली तुम्ही म्हणालात ते

अहो,

हे घाईने वाचायचं नाही. रात्री पाळी संपवून खोलीवर आलात, जेवलात की मग वाचा. घरी सगळं ठीक आहे. आईंच्या पायाची सूज उतरलीय, गुरुवारी पाऊस होता म्हणून आंब्याखालचं गवत काढायचं राहिलं, एवढंच.

मला तुम्हाला एक विचारायचंय. भांडायला नाही, रागही आलेला नाही. फोनवर विचारलं असतं, पण खोलीत बाकीची माणसं असतात, तुम्हाला मोकळं बोलता येत नाही. आणि माझंही बोलताना एकाचं दुसरंच होतं. लिहिलं की नीट मांडता येतं.

विसर्जनाच्या दिवशी आरती झाली, भाऊजींनी गणपती पाटावर घेतला, सगळे खळ्यात गेले. तुम्ही मागे थांबलात. वर, गणपतीवर बांधलेल्या माटवीकडे बघत होतात. एक कवंडळ सुटून लोंबत होतं, ते तुम्ही काढलंत आणि हातात फिरवत राहिलात. मी शिदोरीचा डबा बांधत होते. तेव्हा तुम्ही म्हणालात, "फुडल्या वर्षाक मी नाय इलंय तरी तुमचा काय अडूचा नाय." मग कवंडळ खिशात टाकून बाहेर गेलात. आवाज चढलेला नव्हता. हसत म्हणालात का, तेही मला कळलं नाही, तोंड दिसत नव्हतं.

ते वाक्य काही माझ्या मनातून जात नाही. कणकवलीला तुम्हाला तुतारी गाडीत बसवून आले, वाटभर तेच. तुम्हाला काय म्हणायचं होतं?

पोराचं कौतुक असेल, असं आधी वाटलं. सतराव्या वर्षी त्याने एकट्याने माटवी बांधली. कांगले, तेरडा, हरणं, सगळं रानातून स्वतः आणलं. नाहीतर पुढच्या वर्षी रजा मिळणार नाही असं कामावर कुणी बोललं असेल, आणि ते आम्हाला कसं सांगायचं म्हणून तुम्ही असं बोललात का? यातलं एखादं असेल तर माझा जीव खाली पडेल.

तिसरंही मनात येतं, तेही लिहिते. माटवी दरवर्षी तुम्ही बांधता. यंदा रजा उशिरा मिळाली, तुम्ही आदल्या रात्री पोचलात आणि दारातून आत आलात तर ती बांधून तयार. मीच त्याला म्हटलं होतं, पप्पा दमून येतील, तू उरकून टाक. तुमचं काम कमी व्हावं एवढंच माझ्या डोक्यात होतं. पण तुम्ही वर बघितलंत आणि "बरी झालीय" म्हणून बॅग ठेवलीत, ते मला आता आठवतंय. मी दोन फांद्या तुमच्यासाठी ठेवायला सांगायला हवं होतं. ते माझ्याकडून राहिलं.

हे वाटायचं कारण मामंजी. तुम्हीच सांगितलं होतंत. १९८२ च्या संपात गिरणी सुटली आणि ते गावी आले, तेव्हा घरात काकांनी सगळं हातात घेतलेलं. मामंजी वर्षभर बाहेरच्या लोट्यावर बसून असायचे, आणि आईंना म्हणायचे, मी माझ्याच घरात पाव्हणो. हे सांगताना तुमचा घसा दाटला होता. तुमच्या बोलण्यात मला त्याचीच सावली दिसली. कदाचित मीच ती चिकटवली असेल. तसं असेल तर सांगा, मी सोडून देईन.

उत्तर आजच पाहिजे असं नाही. रविवारी सुट्टीला फोन कराल तेव्हा बोललात तरी चालेल, लिहिलंत तरी चालेल. सहज तोंडातून निघून गेलं असेल तर तसं लिहा, मी परत विषय काढणार नाही. आणि काही खुपत असेल तर माझ्यापासून ठेवू नका. मी मधे बोलणार नाही, ऐकून घेईन. हे मी आईंना किंवा पोराला बोललेले नाही. तुमच्या-माझ्यात आहे.

तुमच्याशिवाय इथलं अडत नाही, असं मला कधीच वाटलेलं नाही. आरतीला तुमचा आवाज लागला की आई डोळे मिटतात. तुम्ही पुढे उभे असता, तुम्हाला ते दिसत नाही. मी मागून दरवर्षी बघते.

चकल्यांचा डबा बॅगेत तळाला आहे, वरच्या पिशवीत फक्त लाडू आहेत. आणि तो निळा शर्ट धुवायच्या आधी खिसा बघा. कवंडळ अजून त्यातच असेल, फुटलं तर डाग पडेल.