रांग ओळख, रांग वाढव: यूकेजीसाठी आकृतिबंधाच्या नऊ कृतिपत्रिका

बाईंसाठी, सुरू करण्याआधी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी बालवाड्या आणि यूकेजी वर्गांतल्या पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी हा संच आहे. आठवड्याला दोनच पत्रिका घ्या. कागद हातात देण्याआधी तीच रांग जमिनीवर मांडून होऊ दे. त्यासाठी बाटल्यांची रंगीत झाकणं, चिंचोके आणि जुन्या लग्नपत्रिकांचे कापलेले गोल, चौकोन, त्रिकोण पुरतात.

झेरॉक्स काळीपांढरी निघणार, हे गृहीत धरा. प्रत्येक रांगेतल्या पहिल्या तुकड्यावर तुम्ही स्वतः रंगीत खडूचा ठिपका द्या, बाकीचं मूल रंगवेल. एका रांगेत फक्त लाल-हिरवी जोडी मुद्दामच घेतलेली नाही. काही मुलांना, त्यातही मुलग्यांना, हा फरक जन्मतःच नीट दिसत नाही आणि मग चांगलं समजणारं पोरही चुकतंय असं वाटतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे "पुढे काय येईल?" एवढं विचारून थांबू नका. लाल-पिवळं-लाल-पिवळं ही रांग मूल नुसत्या लयीवर पुढे नेतं. "परत परत येणारा तुकडा कुठला?" असं विचारलं की खरं कळतं. फळ्यावर रांग काढताना निदान दोन, शक्यतो तीन पूर्ण तुकडे काढा. नुसतं 🔴🟦🟦 काढून पुढचं विचारलं, तर कुठलंही उत्तर बरोबर ठरू शकतं.

---

पत्रिका 1: साडीचा काठ

*शहापूर-वडगावात मागावर साड्या विणतात. साडीच्या काठावर रंग पुन्हा पुन्हा येतात. बोट ठेव आणि रंग मोठ्याने म्हण. रिकाम्या चौकटी रंगव.*

🟥🟨🟥🟨🟥🟨⬜⬜

🟦🟨🟦🟨🟦🟨⬜⬜

🟥🟦🟥🟦🟥⬜⬜⬜

*आता परत परत येणाऱ्या तुकड्याभोवती पेन्सिलीने गोल काढ.*

बाईंसाठी: बरीच मुलं एकाच चौकटीला गोल करतात, नाहीतर सगळ्या लाल चौकटींना. अशा वेळी तळहाताने रांग झाका आणि पहिल्या दोन चौकटी तेवढ्या उघड्या ठेवा. मग हात सरकवत पुढच्या दोन, त्याच्या पुढच्या दोन दाखवा. घरी कन्नड बोलणारं मूल "केंपु, हळदि, केंपु, हळदि" म्हणालं तरी रांग बरोबर धरा. आपण क्रम तपासतोय.

---

पत्रिका 2: टाळी आणि चुटकी

*लाल आला की टाळी. पिवळा आला की चुटकी. वाजव बघू!*

🔴🟡🔴🟡🔴🟡

*आता तीच रांग आकारांनी कर. टाळीला गोल, चुटकीला त्रिकोण.*

● ▲ ● ▲ ⬜⬜⬜⬜

*आता चुटकी नाही वाजवायची, उडी मारायची. रांग बदलली का?*

बाईंसाठी: चुटकी सगळ्यांना वाजत नाही, मांडीवर थाप चालेल. शेवटच्या प्रश्नावर वर्गात भांडण लागतं आणि ते लागू द्या. "बदलली, आता उडी हाय की!" म्हणणारं मूलही त्याच्या परीने बरोबरच बोलतं. त्याला विचारा, "काय बदललं आणि काय तसंच राहिलं?"

---

पत्रिका 3: दसऱ्याचं तोरण

*झेंडू आणि आंब्याचं पान ओवून तोरण कर.*

अ) 🟠🟠🍃🟠🟠🍃🟠🟠🍃⬜⬜⬜

आ) 🟠🍃🍃🟠🍃🍃🟠🍃🍃⬜⬜⬜

*कुठल्या तोरणाला पानं जास्त लागली? मोज आणि त्या तोरणापुढे ✓ कर.*

बाईंसाठी: एकाआड एक रांगेत पटापट पुढे जाणारी मुलं इथे अडखळतात आणि दोन झेंडूंच्या जागी एकच टाकतात. "झेंडू-झेंडू-पान" असं तालावर म्हणून घेतलं की गाडी रुळावर येते. पूर्ण झालेल्या तोरणात अ) मध्ये पानं 4 आणि आ) मध्ये 8 होतात. खरी फुलं मिळाली तर सुई तुमच्याच हातात ठेवा.

---

पत्रिका 4: रंग बदलतो की आकार?

*प्रत्येक रांग नीट बघ. फक्त रंग बदलत असेल तर रांगेपुढे खडूने रंगाचा ठिपका दे. फक्त आकार बदलत असेल तर ▲ काढ. दोन्ही बदलत असतील तर दोन्ही काढ.*

🔴🔵🔴🔵🔴🔵

🔴🟥🔴🟥🔴🟥

🔴🟦🔴🟦🔴🟦

🟡🔺🟡🔺🟡🔺

बाईंसाठी: उत्तरं अनुक्रमे ठिपका, त्रिकोण, दोन्ही, दोन्ही. संचातली ही सगळ्यात कमी लेखलेली पत्रिका. तिसऱ्या रांगेत "लाल-निळा" म्हणणारं मूल आणि "गोल-चौकोन" म्हणणारं मूल शेजारी बसवा. दोघांनाही आपलंच खरं वाटतं, आणि थोड्या वेळाने एकमेकांचंही दिसायला लागतं.

एक रांग तुमच्यासाठी, मुलांना देऊ नका: 🔴🟦🔵🟥🔵🟦. इथे आकार दोन-दोनने फिरतो आणि रंग तीन-तीनने, म्हणून अख्खा तुकडा सहाचा होतो. स्टाफरूममध्ये चहाबरोबर सोडवा.

---

पत्रिका 5: काय हरवलं? काय चुकलं?

*रिकाम्या जागी काय होतं ते काढ.*

🔺🟦🔺⬜🔺🟦⬜🟦

🔴🟨🔺🔴🟨⬜🔴⬜🔺

*या माळेत एक मणी चुकीचा ओवलाय. त्याच्यावर फुली मार.*

🔵🔵🟡🔵🔵🟡🔵🟡🟡🔵🔵🟡

बाईंसाठी: चुकीचा मणी आठवा, तिथे निळा हवा. मागून पुढे येतही मोजू द्या. मुलं मधली रिकामी जागा फक्त डावीकडे बघून भरतात. उजवीकडचा शेजारीही विचारायचा असतो, हे एकदा दाखवावं लागतं.

---

पत्रिका 6: दोन रांगा

*वरची रांग वाच. मग खालची वाच. दोन्ही रांगांचे तुकडे रेघेवर काप.*

वरची: 🔴🟦 | 🔴🟦 | 🔴🟦

खालची: 🔴🟦 | 🔴🟦🟦 | 🔴🟦🟦🟦

*वरच्या रांगेचे तुकडे एकावर एक ठेव. खालच्या रांगेचेही ठेव. काय दिसलं?*

*खालच्या रांगेचा पुढचा तुकडा तू तयार कर:* 🔴⬜⬜⬜⬜

बाईंसाठी: इथे घाई नको, या पत्रिकेला अख्खा तास द्या. आतापर्यंतच्या सगळ्या रांगांत तोच तुकडा परत येत होता. इथून पुढे येतो तो प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा थोडा मोठा असतो, आणि मुलांच्या डोक्यात जुनीच सवय बसलेली असते. चौथ्या तुकड्याला काही जण परत 🔴🟦 काढतात. त्यांच्या दृष्टीने रांग संपली, आता पुन्हा पहिल्यापासून. त्याला नुसतं चूक म्हणून खोडू नका.

म्हणूनच कापायला सांगितलंय. वरच्या रांगेचे तीन तुकडे डाव्या कडा जुळवून ठेवले की एकच दिसतो, बाकीचे खाली लपतात. खालच्या रांगेचे ठेवायचे ते सगळ्यात लांब तळाला आणि लहान वर, डाव्या कडा जुळवून. मग उजवीकडून प्रत्येक तुकड्याची निळी चौकट एक-एक करून बाहेर डोकावते. एखादं पोरगं लगेच ओरडतं, "बाई, ह्यो मोठाच होत चाललाय की!" तेव्हाच विचारा, "कितीने मोठा झाला?" वाढत्या रांगेला विचारायचा मुख्य प्रश्न हाच. लालचा गोल मात्र प्रत्येक तुकड्यात एकच आहे, तेही मुलांकडून काढून घ्या. वाढणाऱ्या रांगेतसुद्धा काहीतरी तसंच राहतं.

---

पत्रिका 7: गडाच्या पायऱ्या

*येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढायचं आहे. पहिल्या पायरीला एक वीट, दुसरीला दोन, तिसरीला तीन. चौथी आणि पाचवी पायरी तू बांध. विटा रंगव.*

🟫

🟫🟫

🟫🟫🟫

⬜⬜⬜⬜

⬜⬜⬜⬜⬜

*शेवटी जोडलेली वीट प्रत्येक पायरीत लाल कर.*

बाईंसाठी: "शेवटची वीट लाल" हे सजावटीसाठी नाही. नवीन काय आलं ते वेगळ्या रंगात दिसलं की "एकने वाढतंय" हे मुलाला सांगावं लागत नाही. सहाव्या पायरीला विटा किती, हे न काढता सांगणारं मूल भेटलं तर त्याला दहावी पायरी विचारा. काडेपेट्या रचून हीच पायरी उभी करता येते.

---

पत्रिका 8: दारातली रांगोळी

*आजी दारात ठिपके काढते. आधी एक, मग तीन, मग पाच. पुढची ओळ तू काढ. बरोबर मधल्या ठिपक्याखाली मधला ठिपका आला पाहिजे.*

```
      ●
    ● ● ●
  ● ● ● ● ●
```

*आता ठिपके परत कमी करत ये, एकावर येऊन थांब. सगळ्या ओळींचे मधले ठिपके पिवळे रंगव.*

बाईंसाठी: पुढच्या ओळीत सात ठिपके, मग पाच, तीन, एक. सहा काढणारी मुलं पुष्कळ. ती पायरीच्या पत्रिकेतला "एक जास्त" इथे घेऊन येतात. "डावीकडे एक आणि उजवीकडे एक" असं दोन्ही हातांनी दाखवा, "दोनने वाढ" हे शब्द नंतर. खाली उतरताना तीच कृती उलटी. ज्यांच्या घरी रोज रांगोळी पडते त्या मुली इथे झपकन पुढे जातात. त्यांनाच फळ्यावर बोलवा. ठिपक्यांचा कागद छापण्यापेक्षा ओल्या मातीत बोटाने ठिपके उमटवलेले जास्त बरे.

---

पत्रिका 9: रताळ्यांची रास आणि तुझी रांग

*शेतातून रताळी आली. रास बघ. चौथी रास तू काढ.*

```
 रास 1     रास 2      रास 3

                        ●
             ●         ● ●
   ●        ● ●       ● ● ●
```

*आता तुझी स्वतःची रांग कर. झाकणं घे, चिंचोके घे. तीन तुकडे मांड आणि शेजारच्याला पुढचा मांडायला सांग. त्याला नाही जमलं तर तू मदत कर, पण हात लावू नकोस, तोंडाने सांग.*

बाईंसाठी: पश्चिम भागातल्या गावांत रताळी मुलांच्या डोळ्यांसमोरची, म्हणून रताळी, निपाणीकडे उसाच्या कांड्या घ्या. राशीत 1, 3, 6 आणि मग 10 येतात, म्हणजे वाढ दर वेळी सारखी नाही: आधी दोनने, मग तीनने, मग चारने. हे आकडे मुलांना सांगायचे नाहीत. "खाली एक नवी ओळ सरकव, आधीच्या खालच्या ओळीपेक्षा एक जास्त" एवढ्यावर चौथी रास बरोबर येते.

स्वतःची रांग करताना मूल कुठली निवडतं ते वहीत टिपा. एकाआड एक केली तर "ए", दोन-एक किंवा तीन वस्तूंची केली तर "दो", वाढती केली तर "वा". पेनाने, तारखेसह. पंधरा दिवसांनी पुन्हा टिपा. "ए" वर राहिलेल्या मुलांना पत्रिका 3 झाकणांनी परत करायला द्या, कागद नको. "वा" पर्यंत आलेल्यांना उतरती रांग करायला सांगा, पाचापासून खाली.